उष्णतेवर काय देता?

डायलिसिसला येणाऱ्या प्रत्येक पेशंटच्या घरच्यांना मी एक प्रश्न हमखास विचारते: "उष्णता झाली तर काय देता?" बरोबरच्या आहारतज्ज्ञ हसतात. एवढी पदवी घेऊन शेवटी आजीबाईच्या बटव्यातच हात घातलास का, म्हणतात. हसू देत. हा प्रश्न मला एका काकूंनी शिकवला, आणि मी तो फार उशिरा शिकले.

काकूंच्या यजमानांचं इस्त्रीचं दुकान होतं. तीस वर्षं काका तापलेल्या इस्त्रीसमोर उभे राहिले, ती धगच अंगात मुरली आणि किडनीला भोवली, असं काकूंचं ठाम मत. खरं कारण होतं रक्तदाब. त्याच्या गोळ्या 'उष्ण पडतात' म्हणून काकांनी मधेच सोडल्या होत्या.

काकूंचं सगळं जग दोन खणांत मावायचं, उष्ण आणि थंड. हाताला लागणाऱ्या गरम-गारशी त्याचा संबंध नव्हता. पोटात गेल्यावर पदार्थ अंगाला काय करतो, ते महत्त्वाचं. फ्रिजमधलं अंडं उष्ण, कोमट दूध थंड. माणसंही यातून सुटली नव्हती. डॉक्टर थंड, सिस्टर मधल्या. आणि मी? "तुम्ही उष्ण, ताई. बोलण्यावरनंच कळतं."

माझे खण वेगळे होते: पोटॅशियम, सोडियम, फॉस्फरस, प्रथिनं, पाणी. निकामी किडनीला पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही. ते रक्तात साठलं की हृदयाचे ठोके बिघडतात. मी छापील तक्ता दिला. केळं, बटाटा, टोमॅटो, फळांचे रस बंद. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी ओतून द्यायचं. दिवसाला पाणी एक लिटर, बस. काकूंनी तक्ता कपाटाच्या दाराला चिकटवला आणि पाण्याच्या बाटलीवर पेनानं रेघा मारल्या.

तरी काकांचं पोटॅशियम चढतच राहिलं. हवं पाचच्या आसपास, निघायचं साडेपाच, सहा, मग सहाच्याही पुढे. माझं डोकं फिरलं.

"काकू, खरं सांगा, लपूनछपून काय देता?"

"काही नाही हो. तुम्ही चालेल म्हटलेलं सफरचंदसुद्धा भीतीनं बंद केलं."

"रस बिस?"

"छे, रसाला हातही लावत नाही." मग म्हणाल्या, "ताई, यांच्या तळपायांची फार आग होते. पाय गार भिंतीला लावून बसतात. उष्णता फार झालीय."

"काकू, उष्णता थर्मामीटरमध्ये असते. तुम्ही आपला तक्ता पाळा."

शेजारच्या खाटेवरचे हसले. सुई टोचलेला हात न हलवता काकाही हसले. काकूंनी मान खाली घातली आणि तो विषय माझ्यापाशी पुन्हा कधी काढला नाही.

शनिवार-रविवार काकांचं डायलिसिस नसायचं, दोन दिवसांचं सगळं अंगात साठायचं. एका सोमवारी ते आलेच नाहीत. घरीच हृदय बंद पडलं होतं.

महिन्याभरानं काकू आल्या. मला वाटलं, जाब विचारायला आल्या असतील. त्यांनी पिशवीतून ती रेघांची बाटली काढली.

"नारळपाणी आहे. रोज सकाळी यांच्यासाठी आणायचे, आज सवयीनं पाय तिकडंच वळले. घरी पिणार कोण? म्हटलं, ताईंना द्यावं. तुमची प्रकृती उष्ण."

"रोज द्यायचात?"

"दोन वेळा. आग वाढली तशी तीन वेळा. पण पिण्याचं पाणी तेवढंच कमी करायचे हो. लिटरच्या वर थेंब नाही."

पेलाभर नारळपाण्यात चारशे-पाचशे मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. मी काकांना अख्ख्या दिवसाला दोन हजार ठरवून दिलं होतं. तक्त्यात नारळपाण्याचं नाव नव्हतं. मी खाणं विचारलं, रस विचारला. काकूंच्या लेखी ते दोन्ही नव्हतं, ते औषध होतं. त्यांच्या शास्त्रात त्या चुकल्याही नव्हत्या. नारळपाणी थंड, दाह शमवणारं, लघवी साफ करणारं. धडधाकट माणसाला तर मीही ते घ्या म्हणते. आणि पायांची ती आग माझ्या पुस्तकातही होती, किडनीच्या आजारात नसा बिघडल्या की होते तशी. 'मग उष्णतेवर काय देता', एवढं विचारायला पाच सेकंद लागली असती. ती मी विनोदात घालवली. त्याची मला आजही लाज वाटते.

"एक समाधान आहे बघा," काकू म्हणाल्या. "तुमचा तक्ता मोडला नाही, आणि यांना शेवटपर्यंत थंड देत राहिले."

खरं सांगायला मी तोंड उघडलं, आणि त्यांच्याकडे बघून मिटलं. त्यांनी पेला भरून पुढे केला. मी प्यायले. पेला रिकामा होईपर्यंत त्या समोर उभ्या होत्या.

"बरं वाटलं का, ताई?"

"हो, काकू," मी म्हणाले.