भासऱ्यानं नाकारलेली वाटणी

माझा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, कोर्टात शपथेवर खोटं बोलला आणि त्याच कोर्टात त्याचं नाक कापलं गेलं. मी समोर बसून पाहिलं. अजूनही आठवलं की दोन घास जास्त जातात. कोणाला वाईट वाटत असेल तर खुशाल वाटो.

आमची धानाची शेती बिरसीच्या रस्त्याला. सासऱ्यांना दोनच मुलं. जिवंत असतानाच त्यांनी दोघांना शेतात नेलं, गावातले दोन म्हातारे पंच म्हणून बोलावले आणि तोंडानंच वाटून दिलं. नाल्याकडची काळी जमीन थोरल्याला, रस्त्याकडची खडकाळ माझ्या नवऱ्याला. भासरा तेव्हा मिशीत हसत होता. लिखापढी काहीच झाली नाही, सातबाऱ्यावर दोघांची नावं एकत्रच राहिली. आमच्याकडे सख्ख्या भावाला कागद मागणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. हा आमचा शहाणपणा!

पुढे रस्ता रुंद झाला, खडकाळ जमिनीवर लोकांचे डोळे लागले. माझा नवरा गेला आणि वर्ष सरायच्या आत भासऱ्यानं दावा टाकला, की वाटणी झालीच नाही, सगळं एकत्र आहे, आता कोर्टानं नव्यानं वाटून द्यावं. पानठेल्यावर सांगत सुटला, "तिले एकच पोरगी हाय, ते जाईल परक्याच्या घरी. रस्त्याची जमीन कायले पायजे तिले?" माझ्या पोरीचं तेवढंच होतं. अंगाची आग आग झाली. याची खोड मोडायचीच, असं मी त्याच दिवशी ठरवलं.

गोंदियाच्या वकिलांनी आधी माझीच हवा काढली. "देखो बाई, तोंडी वाटणी कायद्यात चालते. पण कुटुंब एकत्रच आहे असं कोर्ट धरून चालतं. वाटणी झाली असं तुम्ही म्हणता, मग सिद्धही तुम्हीच करायची."

"जुन्या तारखेचा कागद करून आणू?" मी विचारलं.

ते खेकसलेच. "खोटा कागद आणला तर आहे तेही जाईल, आणि तुमच्यावर केस होईल ती वेगळी. वाटणीनंतर आठवणीसाठी खरोखर लिहून ठेवलेला साधा कागद असता तर गोष्ट निराळी. आता वेगळं कसलं, वेगळं खाल्लं, याचे पुरावे आणा."

मी आणले. नवऱ्याच्या नावाची मोटारीची वीजबिलं, दोन्ही भावांनी सोसायटीतून वेगवेगळं घेतलेलं पीककर्ज. शेजारच्या शेतवाल्यानं साक्ष दिली, की मधला धुरा, म्हणजे बांध, त्याच्यासमोर टाकला आणि तेव्हापासून ज्याचं तो कसतो. पंचांपैकी एक वारले होते. दुसरे भासऱ्याच्या खाटेवर बसून चहा प्यायचे. "मले काई आठवत नाही बापा," म्हणाले. त्यांच्या चहात साखरेऐवजी मीठ पडो!

मग भासरा पिंजऱ्यात उभा राहिला. सगळं एकत्र आहे, मीच कर्ता आहे, असं पोपटासारखं बोलला. आमचे वकील गोड आवाजात म्हणाले, "बरोबर आहे. तुम्ही थोरले. धान निघालं की नव्या तांदळाचा नैवेद्य तुमच्याच घरी होत असेल. धाकट्याच्या शेतातलाही तांदूळ त्यात घालत असाल?"

आमच्या गावात ज्याची चूल त्याचा नैवेद्य. भासऱ्याला देवधर्माचा मोठा ताठा आणि माझ्या नवऱ्याचा त्याहून मोठा राग. तो भडकला. "त्याचा दाना माह्या देवाले कायले? तो येगळा झाला तवापासून त्याचं त्याच्या घरी, माहं माह्या घरी!"

न्यायाधीशांनी ते वाक्य शांतपणे टाइप करायला सांगितलं. भासऱ्याचा वकील कपाळाला हात लावून बसला. मला तिथंच टाळ्या पिटाव्याशा वाटल्या, पदर तोंडाशी धरून हसले.

दावा फेटाळला गेला. सातबारा एकत्र आहे एवढ्यावरून कुटुंब एकत्र ठरत नाही, वेगळी वहिवाट, वेगळं कर्ज आणि वादीचं स्वतःचं बोलणं यांवरून जुनी वाटणी सिद्ध होते, असं निकालात आलं. वरच्या कोर्टात जातो म्हणून भासऱ्यानं गावभर डरकाळ्या फोडल्या, पण गेला नाही. मी माझ्या जमिनीला तारेचं कुंपण घातलं.

दिवाळीनंतर तो माझ्या दारात आला. त्याचं धान कापून पडलं होतं, आभाळ भरून आलं होतं आणि ट्रॅक्टर न्यायला माझ्या शेतातूनच सोय होती.

"कुंपण खोल वो बाई," तो म्हणाला. "बाबानं वाटणी करतानी मले तुमच्या शेतातून गाडीवाट देली होती. तुले तं माहीत हाय."

माहीत होतं. सासरे तसं म्हणाले तेव्हा मी तिथंच शिदोरी घेऊन उभी होते.

"कोणती वाटणी, भाऊजी?" मी म्हणाले. "तुमी तं शपथेवर सांगितलं, झालीच नाही."

त्यानं मान वर करून आभाळाकडे पाहिलं. वर गडगडायला लागलं होतं.

"झाली असन तं सिद्ध करा," मी म्हणाले आणि दार लावून घेतलं.