दोन चौकटी कंस

आमच्या ह्यांना गल्लीत सगळे ‘बहुतेककाका’ म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि हे हसून ओ देतात, म्हणजे बघा! घड्याळात बघून वेळ सांगतील तरी पुढे ‘बहुतेक’ लावतील. आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा माझ्या वडिलांनी विचारलं, “मग, मुलगी पसंत आहे ना?” तर म्हणाले, “बहुतेक.” वडिलांनी डोक्याला हात लावला. मी ते ऐकून ठेवलं आणि चाळीस वर्षं संधी मिळेल तेव्हा ऐकवत आले.

पण ही खोड त्यांना नोकरीनं लावली. पोस्टात पत्ता न लागलेल्या पत्रांच्या खोलीत बसायचे. भिजलेले, पुसलेले, घाईत खरडलेले पत्ते भिंग लावून वाचायचे. कळलं तर पुढे पाठवायचे, शंका असेल तर बाजूला पेन्सिलीनं चौकटी कंस करून त्यात प्रश्नचिन्ह घालायचे. “चुकीच्या दारात पडलेलं पत्र कायमचं हरवतं,” म्हणायचे. “परत आलेलं निदान परत तरी येतं.” निवृत्त झाले, पण भिंग काही टेबलावरून हललं नाही.

समोरच्या शिवणताई आमच्याकडे आल्या त्या मंगळवारी. मशीनवर बसून तिघा पोरांना मोठं केलेली बाई, सहसा रडणारी नाही, पण त्या दिवशी चेहरा उतरला होता. धाकट्या लेकीच्या पित्ताशयात खडे, गुरुवारी ऑपरेशन. भुलीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासताना विचारलं, घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का? ताईंचा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा असताना ऑपरेशनच्या टेबलावरच गेला होता. घरात एवढंच ठाऊक, की हृदय बंद पडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही कागद असेल तर बघा. हॉस्पिटलचे कागद तर कधीच रद्दीत गेलेले. राहिलं होतं एकच, ताईंच्या वडिलांनी त्या वेळी आपल्या भावाला लिहिलेलं चार पानी पत्र. ते चुलतभावाकडे निघालं आणि त्यानं स्कॅन करून पाठवलं.

“भाऊ, शाई अशी उडालीये की मला एक ओळ लागत नाही,” ताई ह्यांना म्हणाल्या. “डॉक्टरांना थोडक्यात लिहून द्यायचंय.”

ह्यांनी स्कॅन आमच्या जुन्या कंप्युटरवर उघडलं. मागच्या पानाची शाई पुढे उमटलेली, मधल्या घडीवर तर कागद जवळजवळ कोराच. एकदा गडद करून बघितलं, एकदा फिकट करून, एकदा मोठं करून. एखादं अक्षर अडलं की त्याच माणसानं तेच अक्षर दुसरीकडे कसं काढलंय ते शोधायचे. दोन तास मी चहा गरम करत होते आणि तो गार होत होता. शेवटी पेन्सिलीनं पाऊण पान लिहिलं. वाचता आलं ते सरळ, अंदाजाचं चौकटी कंसात प्रश्नचिन्ह घालून, अजिबात न लागलेलं टिंबांनी, आणि प्रत्येक शंकेपुढे पान कुठलं, ओळ कितवी. मधला भाग असा होता:

‘मुलाला सकाळी आत नेलं. भूल दिल्यावर थोड्याच वेळात त्याचा [जबडा?] घट्ट झाला. अंग [तापलं?] ……. दुपारी गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. (पान दोन, ओळी सात ते दहा. सातवी ओळ घडीवर आहे.)’

ताईंनी वाचलं आणि घाबरल्या. “भाऊ, एवढी प्रश्नचिन्हं बघून डॉक्टर ऑपरेशन पुढे ढकलतील हो! पोरगी दुखण्यानं लोळतीये. नक्की तेवढंच लिहा ना.”

“नक्की तेवढं लिहिलं तर पत्र वेगळंच होतं, ताई,” हे म्हणाले आणि आंघोळीला गेले.

आता माझं सांगते. माझं अक्षर चांगलं, ह्यांचं म्हणजे मुंग्यांची रांग. मी ताईंचा चेहरा बघितला आणि मला ह्यांचाच राग आला. एकदा तरी माणसानं ठाम बोलावं की नाही? मी पेन घेतलं आणि त्या पानाची सुरेख प्रत काढली. जे नक्की नाही ते लिहायचं कशाला, म्हणून कंस गाळले आणि कंसातलंही गाळलं. ‘मुलाला सकाळी भूल दिली. दुपारी हृदय बंद पडून तो गेला.’ एक शब्द खोटा नव्हता त्यात. ताईंच्या जिवाला बरं वाटलं, माझ्याही. बुधवारी सकाळी त्या तो कागद हॉस्पिटलात देऊन आल्या.

दुपारी जेवताना ह्यांनी विचारलं, “स्कॅनची प्रिंट जोडली ना ताईंनी?” मी म्हटलं, कशाला, मी छान लिहून दिलंय. माझ्या प्रतीचा मोबाईलवर काढलेला फोटो दाखवला, अगदी कौतुकानं. ह्यांनी तो वाचला आणि घास ताटात ठेवला. पेन्सिलीचा कागद उचलला, स्कॅनची प्रिंट काढली आणि चपला घातल्या. मी तशीच उष्ट्या हातानं उठले, हात धुतला न धुतला आणि त्यांच्या मागे निघाले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाईत होत्या. “कागद मिळाला ना सकाळी. हृदयाचं होतं, हिचं हृदय ठीक आहे,” म्हणाल्या. ह्यांनी पेन्सिलीचा कागद पुढे केला. त्या उभ्याउभ्या वाचू लागल्या आणि मग खुर्ची ओढून बसल्या. प्रिंटवर सातवी ओळ काढली, दिव्याखाली धरली.

“हे दोन शब्द किती खात्रीचे?”

“जबडा बहुतेक,” हे म्हणाले. “तापलं निम्मं-निम्मं. पुढचे एकदोन शब्द मला लागलेच नाहीत.”

“मला बहुतेक पुरतं, काका.” मग त्यांनी समजावून सांगितलं. काही घरांतल्या माणसांना भुलीचे ठरावीक वायू आणि एक इंजेक्शन सोसत नाही. स्नायू ताठतात, ताप भडकतो आणि शेवटी हृदय थांबतं. त्या मुलाचं तेच झालं होतं का, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. पण शंका असेल तर ती औषधं टाळता येतात, दुसरी आहेत. “भुलीच्या मशीनमधला जुना वायू आधीच साफ करून घेते. हिचा नंबर सकाळी पहिला. आणि तशी वेळ आलीच तर त्यावरचं औषध हाताशी ठेवते. ऑपरेशन पुढे ढकलायची गरज नाही.”

एवढं सोपं होतं, आणि मी ते गाळून टाकलं होतं. मी शरमेनं पाणी पाणी झाले. माझं देखणं अक्षर त्यांच्या फाईलमध्ये लावलेलं होतं. ते काढून त्यांनी ह्यांच्या मुंग्या लावल्या.

गुरुवारी दुपारी ताईंचा फोन आला. पोरगी शुद्धीवर आली होती आणि भूक लागली म्हणून भांडत होती. फोन ठेवल्यावर मी रडले. कालपासून दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. हे शेजारी येऊन बसले.

“रागावलात माझ्यावर?”

“बहुतेक नाही.”

मला हसू फुटलं, आणि मी चाळीस वर्षांचं जुनं उकरून काढलं. “मग त्या दिवशी माझ्या वडिलांना काय म्हणून बहुतेक म्हणालात?”

ह्यांनी चष्मा पुसला. “तू खाली मान घालून बसली होतीस. अर्धाच चेहरा दिसत होता. दिसलं तेवढं सांगितलं.”

“आणि आता?”

“आता सगळं लागतं,” म्हणाले, आणि माझ्या हातात पेन दिलं. “पुढच्या वेळी प्रत तूच काढ. फक्त कंसासकट.”