हिरवा दिवा आणि थांबलेली रांग

अमरावतीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट पाठवण्याच्या विभागाची मी शिफ्टप्रमुख आहे. नाव मोठं असलं तरी काम तसं साधं. परतवाडा, मोर्शी, धारणी अशा गावांतल्या आमच्या केंद्रांवर रक्त घेतलं जातं, बसनं किंवा जीपनं नमुने आमच्याकडे येतात, मशीनवर तपासले जातात, आमच्या डॉक्टर मॅडम रिपोर्ट पाहून मंजूर करतात आणि मग तो ज्या त्या केंद्राला जातो. पूर्वी हे शेवटचं पाठवण्याचं काम आम्ही बायकाच करायचो. एकेक रिपोर्ट उघडा, त्याची फाइल करा, केंद्राच्या खात्यात चढवा, मेसेज टाका. मानेचा पार भुगा व्हायचा. मग कंपनीनं बॉट आणला, म्हणजे ठरलेलं काम आपोआप करणारा एक प्रोग्राम. तो माणसासारखंच लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये लॉगिन करायचा, मंजूर झालेल्या रिपोर्टांची रांग उघडायचा आणि एकेक करून पाठवायचा. कोपऱ्यातल्या एका कॉम्प्युटरवर तो चालायचा. त्याचा स्क्रीन आम्ही बंदच ठेवायचो, कारण त्याला बघायला कुणी लागत नव्हतं.

बॉट सांभाळणारा इंजिनिअर आमच्या अकोल्याच्या ऑफिसात बसायचा. त्याच्यासमोर सगळ्या बॉटांचा एक फलक होता. चालू असला की हिरवा, बिघडला की लाल. लाल झाला की त्याला आणि मला आपोआप मेल यायचा. इतकी व्यवस्था आहे म्हटल्यावर आम्ही निर्धास्त होतो.

तापाच्या साथीचे दिवस होते. लॅबमध्ये नमुन्यांचे ट्रे ठेवायला टेबल उरत नव्हतं. फोन तर सकाळपासून वाजायचे. "रिपोर्ट आला का?" हा प्रश्न दिवसभर ऐकून ऐकून माझं उत्तर आपोआप तोंडातून निघायचं, "रांगेत आहे, येईल." साथीत रिपोर्टला उशीर होतोच, हे केंद्रवाल्यांनाही माहीत होतं. त्यामुळे त्या दिवशी फोन जरा जास्तच वाजतायत, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. अशा दिवसांत जास्त म्हणजे किती, हे कोण मोजणार?

दुपारी धारणीच्या केंद्रातल्या दादांचा फोन आला. रक्त घेणं, नमुने बसमध्ये चढवणं, रिपोर्ट छापून देणं, सगळं ते एकटेच बघतात. सकाळपासून त्यांचा हा तिसरा फोन.

"ताई, काल रक्त पाठवलं त्या पोटुशी बाईचा रिपोर्ट कुठं हाय? ताप हाय तिले. डॉक्टर वाट पाहून राहिले. जीप निघाली का ते गावाकडे जाईन, मग तिले कोन आनन परत?"

"रांगेत आहे दादा, येईल," मी म्हटलं.

"सकाळपासून तुमी हेच सांगून राहिल्या ना ताई. रांग हाय का काय हाय?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. माझ्याइतकेच तेही थकलेले होते. पण त्या प्रश्नानं मी उठले. डॉक्टर मॅडमच्या खोलीत जाऊन विचारलं, "धारणीच्या गरोदर बाईचा नमुना झाला का?"

त्यांनी स्क्रीनवर पाहिलं. "अगं, हा तर मी सकाळीच मंजूर केलाय. गेला नाही अजून?"

म्हणजे रिपोर्ट तयार होता. सकाळपासून तयार होता. मी परत येऊन रांग उघडली. मंजूर झालेले रिपोर्ट एकाखाली एक साचलेले. सगळ्यात वरचा सकाळचा. त्यानंतर एकही हललेला नाही. बॉटच्या कॉम्प्युटरचा स्क्रीन चालू केला, तर मधोमध एक लहानशी खिडकी उघडी होती. पासवर्डची मुदत लवकरच संपणार आहे, आता बदलायचा आहे का? खाली 'हो' आणि 'नाही' अशी दोन बटणं. त्यांपैकी एक दाबलं जाण्याची वाट बघत सगळं थांबलं होतं.

मी अकोल्याला फोन लावला.

"ताई, माझ्याकडे तर हिरवा आहे," इंजिनिअर म्हणाला.

"हिरवा असंल भाऊ तुमच्याकडे. इथं सकाळपासून एक रिपोर्ट गेला नाही."

तो म्हणाला, "काही दाबू नका. आधी स्क्रीनचा फोटो पाठवा. त्यानं एक रिपोर्ट हातात घेतलेला असेल, तो अर्धवट आहे. आपण नुसतं चालू केलं तर तो दोनदा जाईल, नाहीतर जाणारच नाही."

त्याचं बरोबर होतं. पण धारणीची बाई तोवर थांबणार नव्हती. मी डॉक्टर मॅडमला सांगितलं आणि त्यांनी स्वतः धारणीच्या डॉक्टरांना फोन करून आकडे वाचून दाखवले. आमच्याकडे फार धोक्याचा आकडा आला की लगेच फोनवर कळवायचं, असा नियम आहे. तिचं हिमोग्लोबिन कमी होतं, प्लेटलेटही उतरलेल्या होत्या, पण दोन्ही त्या धोक्याच्या रेषेच्या जरा वर. म्हणून सकाळी फोन गेला नव्हता, नेहमीसारखा रिपोर्ट जाईल असंच धरलं होतं. धारणीचे डॉक्टर म्हणाले, गरोदर बाई, त्यात ताप, तिला आजच भरती करायला हवं.

मी हातानं रिपोर्ट काढला, पाठवला आणि दादांना फोन केला. "दादा, तिला जाऊ देऊ नका."

"अवं ताई, ते तर जीपमंदी जाऊन बसली!" आणि फोन चालू ठेवूनच ते धावले. मला त्यांच्या चपलांचा आवाज येत होता, मग हॉर्न, मग बायकांचा गलका. बऱ्याच वेळानं त्यांचा आवाज आला. "सापडली. जीप भरली नव्हती, म्हनून उभी होती. एक सीट बाकी होती."

मी खुर्चीत बसले. ती बाई थांबली ती जीपमध्ये एक जागा रिकामी होती म्हणून. आमच्या मशीनमुळे नाही, आमच्या फलकामुळे नाही, माझ्यामुळे तर नाहीच.

तोवर इंजिनिअरनं अकोल्याहून बॉट थांबवला होता. ती खिडकी बंद केली, अर्धवट रिपोर्ट गेलेला नाही याची माझ्याकडून खात्री करून घेतली, तो पुन्हा रांगेत टाकला आणि बॉट सुरू केला. मला वाटलं होतं, आता रांग झरझर उतरेल. पण बॉट एका वेळी एकच घेतो. शिफ्ट संपेपर्यंत तो पाठवत राहिला आणि आम्ही दोघी-तिघी सगळ्यात जुने रिपोर्ट हातानं काढत बसलो.

दोन दिवसांनी इंजिनिअर अकोल्याहून बसनं आला. मॅनेजर, तो आणि मी बसलो. मॅनेजर म्हणाले, "पण बॉट बंद पडला असता तर मेल आला असता ना?"

"सर, तो पडला नाही, थांबला," इंजिनिअर म्हणाला. "पडला असता तर लाल झाला असता. ती पासवर्डची खिडकी मधे आली आणि तो पुढचा स्क्रीन दिसण्याची वाट बघत राहिला. वाट बघणं ही त्याच्या लेखी चूक नाही. आधी त्या वाट बघण्याला वेळेची मर्यादा होती. पण सकाळी सॉफ्टवेअर हळू चालतं, त्यामुळे रोज खोटे मेल यायचे. म्हणून ती मर्यादा काढून टाकली."

"काहून काढली?" मी विचारलं. अकारणच माझा आवाज चढला होता.

"तुमीच म्हटलं होतं ना ताई, रोज रोजचे मेल बंद करा म्हणून." तो हसला नाही. मीही नाही. ते खरंच होतं.

मग त्यानं नवी व्यवस्था केली. वाट बघण्याला पुन्हा मर्यादा घातली, फक्त जरा ऐसपैस. बॉट प्रत्येक रिपोर्ट पाठवला की वेळ नोंदवायचा. आणि दुसऱ्याच कॉम्प्युटरवर एक छोटा पहारेकरी प्रोग्राम बसवला, तो ही वेळ तपासायचा. "जो अडकलाय तो स्वतः ओरडू शकत नाही," इंजिनिअर म्हणाला, "ओरडणारा बाहेरचाच पाहिजे." अर्धा तास काही गेलं नाही की शिफ्टच्या मोबाइलवर मेसेज येणार, तो कुणी पाहिला नाही तर फोन वाजणार.

तो वाजला, आणि वाजतच राहिला. दुपारी नमुने कमी असले की पाठवायलाच काही नसायचं, पण पहारेकऱ्याला वाटायचं बॉट मेला. आम्ही जेवायला बसलो की हमखास बोंब. चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या सहकारी बाईनं फोनचा आवाज बंद करून तो ड्रॉवरमध्ये टाकला. मी तिला बोलले नाही. मलाही तेच करावंसं वाटत होतं. मी फक्त अकोल्याला फोन केला.

"भाऊ, हे असं चाललं तर खरं वाजंल तवा कोनी ऐकनार नाही."

त्यानं अट बदलली. रांगेत रिपोर्ट पडून असेल आणि तरीही काही जात नसेल, तरच वाजायचं. रांग रिकामी असेल तर गप्प. शिवाय रांगेतला सगळ्यात जुना रिपोर्ट किती वेळ पडून आहे, तेही बघायचं. कारण बॉट एखादा रिपोर्ट सोडून पुढचे पाठवत राहिला, तर पहिली तपासणी फसते. आणि शिफ्ट सुरू होताना पहारेकऱ्यानं एक मेसेज टाकायचा, 'मी जागा आहे' एवढाच. तो आला नाही तर अकोल्याला कळवायचं, म्हणजे पहारेकरीच झोपला तर तेही समजेल. खोट्या हाका कमी झाल्या, पूर्ण गेल्या नाहीत.

हिवाळ्यात एकदा फोन वाजला, तेव्हा मी डबा उघडला होता. खोटाच असेल असं मनात आलं, तरी उठले. या वेळी इंटरनेट तुटून जोडलं गेलं होतं आणि बॉट मधेच लटकला होता. रांगेत थोडेच रिपोर्ट होते. आम्ही ते हातानं पाठवले, अकोल्याहून बॉट पुन्हा सुरू झाला. कुठल्याच केंद्राला कळलं नाही, कुणी काही विचारलं नाही. जेवण गार झालं होतं, ते तसंच खाल्लं.

ती धारणीची बाई काही दिवस दवाखान्यात होती, ताप उतरल्यावर घरी गेली, इतकं दादांनी सांगितलं. पुढचं मला माहीत नाही. मी विचारलंही नाही, कारण ज्या गोष्टींचं आपल्या हातात काही नसतं त्या विचारायची हिंमत या नोकरीत हळूहळू कमी होत जाते.

आता तो शिफ्टचा मोबाइल घरीही न्यावा लागतो, म्हणून आम्ही वाटून घेतलाय, एक आठवडा माझ्याकडे, एक त्या सहकारी बाईकडे. माझा आठवडा असला की आंघोळीला जातानाही तो खिडकीत ठेवते. परवा मोर्शीला भाचीच्या हळदीला गेले होते. आठवडा तिचा होता. तरी मांडवात कुणाचा तरी फोन वाजला आणि मी हळदीच्या हातानंच पर्स चाचपायला लागले. बहीण म्हणाली, "काहून गं, काय हरवलं?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि पर्सवर उमटलेला पिवळा पंजा पदरानं पुसत बसले.