फोनमधली बाई मध्ये बोलते

काकांना अख्खी सोसायटी पाठीमागे ‘भोंगा’ म्हणते आणि तोंडावर काका म्हणते. भोंगा म्हणण्यात तशी कुणाची चूक नाही. एकतीस वर्षं ते बसस्थानकावर उद्घोषक होते. काचेची एक चिंचोळी केबिन, समोर वेळापत्रकाचा फळा, टेबलावर पाण्याचा तांब्या आणि उजव्या हातात माइक. माइकच्या बाजूला एक खटका होता. अंगठ्याने तो दाबून धरला की आवाज सगळ्या फलाटांवर जायचा, सोडला की बंद. एकतीस वर्षं तो अंगठा एकच काम करत राहिला आणि निवृत्तीचे कागद आले तेव्हा त्याला कुणी काही कळवलं नाही. काका अजूनही फोन मुठीत उभा धरतात, तोंडाजवळ नेतात आणि बोलायला लागले की अंगठा आपोआप बाजूच्या बटणांवर दाबला जातो.

दुसरी खोड म्हणजे प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची. “गाडी फलाट क्रमांक चारवर येत आहे. गाडी फलाट क्रमांक चारवर येत आहे.” घरातही तेच. सून म्हणते, बाबांनी चहा मागितला की दोन कप करायचा मोह होतो.

तीन महिने झाले, काकू लेकीकडे गेल्या होत्या. लेक लांबच्या शहरात, तिला पहिलं बाळ झालेलं, मदतीला आई हवीच. जाताना काकू म्हणाल्या होत्या की महिन्याभरात येते. मग बाळाला सर्दी झाली, मग लेकीची कंबर धरली, मग सांभाळणारी बाई मिळेना. काका दरवेळी म्हणायचे, अगं राहा की, इथे काय अडलंय. हे वाक्य ते फक्त एकदाच म्हणत, यावरून शहाण्या माणसाला काय ते कळायला हवं होतं.

रोज चार वाजता काकूंचा व्हिडिओ कॉल यायचा. काकांचा दिवस त्या चारभोवती बांधलेला होता. आणि नेमका त्या फोनवरच संकट घोंघावत होतं. मागच्या महिन्यात त्यांनी स्वतःच्या कानाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. त्यानंतर दाताच्या डॉक्टरांना एका सकाळी अकरा कॉल लागले. मुलाने शांतपणे सांगितलं, “बाबा, आता आणखी एक घोळ झाला की मी साधा बटणांचा फोन आणून देणार.” मुलगा वाईट नाही, पण शब्दाला पक्का आहे. बटणांच्या फोनवर काकूंचा आवाज ऐकू येईल, चेहरा दिसणार नाही. काकांना आवाजाचं कौतुक नव्हतं, आवाज त्यांच्याकडे भरपूर होता.

तर त्या दिवशी दुपारी दोन वाजता, मुलगा-सून कामावर असताना, काका सोसायटीच्या ग्रुपसाठी आवाजी निरोप भरत होते. उद्या टाकी साफ होणार, पाणी भरून ठेवा. हे काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. फोन मुठीत, डाव्या हाताचं बोट माइकच्या चित्रावर आणि उजवा अंगठा सवयीने कडेच्या बटणांवर, आवाज वाढवायचं आणि कमी करायचं अशी दोन्ही एकदम दाबून. तीन सेकंद गेले आणि पडद्यावर एक लांबलचक सूचना आली. खाली दोन बटणं. काकांनी चष्मा न लावता ‘चालू करा’ दाबलं. नोकरीत एकतीस वर्षं पुढे आलेल्या कागदावर ‘नाही’ लिहायची वेळ आली नव्हती.

“टॉकबॅक चालू आहे,” एक बाई म्हणाली.

काकांनी मागे वळून पाहिलं. मग दाराबाहेर पाहिलं. मग फोनकडे पाहिलं. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, तिथे एक चौकट उमटली आणि बाईने त्या चित्राचं नाव सांगितलं. ते उघडलं मात्र नाही. दुसऱ्यावर बोट ठेवलं, त्याचंही नाव सांगितलं, तेही जागचं हललं नाही. बोटाने पडदा वर ढकलला तर ढिम्म. काकांना पहिला राग आला तो तिच्या बोलण्याचा. सगळी वाक्यं एकाच सुरात, कुठे थांबायचं याचा पत्ता नाही, आणि ‘बॅटरी’ म्हणताना तर जणू ती बॅटरी तिच्या वडिलांची. असं बोलणारी बाई त्यांच्या केबिनमध्ये एक दिवस टिकली नसती.

त्यांनी फोनच बंद करून टाकायचं ठरवलं. कडेचं बटण दाबून ठेवलं, ‘बंद करा’ आलं, त्यांनी त्यावर बोट टेकलं. बाईने वाचून दाखवलं, “बंद करा.” आणि गप्प बसली. काका म्हणाले, अगं तेच तर सांगतोय. पाऊण तास हा संवाद चालला. तीन वाजले. चारला काकूंचा कॉल येणार, उचलला गेला नाही की त्या लगेच मुलाला फोन लावणार, आणि मग संध्याकाळी घरात बटणांचा फोन येणार. काकांनी पायात चपला सरकवल्या.

कोपऱ्यावरच्या इमारतीत जिन्याखाली एका बाईंचं मोबाइलदुरुस्तीचं दुकान आहे. सगळे त्यांना ताई म्हणतात. डोळ्याला भिंग लावून बसतात, हातात बारीक चिमटा, आणि बोलणं मोजकं. काका पोचले तेव्हा तिथे नेमके सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते, काच फुटलेला फोन घेऊन. काकांनी आवाज दाबून सांगितलं, म्हणजे जिन्याच्या दुसऱ्या मजल्यापर्यंतच ऐकू गेलं, की यात एक बाई शिरलीय.

ताईंनी फोन घेतला आणि दोन बोटांनी पडदा सरकवला. तो सरकला. काकांना तो अपमान वाटला. ताई म्हणाल्या, काही बिघडलेलं नाही, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ही सोय असते, चुकून चालू झालीय. पण बंद करण्याआधी काकांना जाणून घ्यायचंच होतं की बोट टेकलं तरी काहीच का उघडत नाही.

“एकदा टेकलं की तुमच्या बोटाखाली काय आहे ते ती सांगते,” ताई म्हणाल्या. “हवं ते असेल तर पटापट दोनदा ठोकायचं, मग उघडतं. ज्याला दिसत नाही त्याचं बोट चाचपताना कुठेही पडणार. एकाच टेकण्यात उघडलं असतं तर नुसता गोंधळ.”

हे काकांना कुणी शिकवण्यासारखं नव्हतं. फलाटावर पहिल्यांदा सांगितलं की माणूस फक्त मान वर करतो, कोणती गाडी आहे ते ऐकतो. दुसऱ्यांदा सांगितलं की सामान उचलतो. एकदाच सांगून गाडी सोडली असती तर अर्धे लोक भलत्याच गावाला गेले असते. फोनमधल्या बाईबद्दल त्यांच्या मनात पहिल्यांदाच थोडा आदर निर्माण झाला.

“करून बघा,” ताई म्हणाल्या. काकांनी बोट टेकलं, बाई म्हणाली, “फोन.” त्यांनी दोनदा ठोकलं. उघडलं. काकांची छाती फुगली. त्या भरात त्यांनी आलेल्या-गेलेल्या कॉलच्या यादीवर बोट टेकलं.

“सेक्रेटरी खडूस,” बाई स्वच्छ आवाजात म्हणाली. “काल.”

सेक्रेटरी आपल्या फुटक्या काचेकडे फार लक्ष देऊन बघायला लागले. काकांनी घाईघाईने बोट उचललं, ते खालच्या ओळीवर पडलं, आणि बाईने सुनेचं नावही वाचलं, तेही असंच काहीसं होतं. ताईंनी चटकन फोन ओढून घेतला आणि आवाजाची दोन्ही बटणं एकदम दाबून धरली. तीन सेकंदांनी बाई म्हणाली, “टॉकबॅक बंद,” आणि गेली.

ताई म्हणाल्या, हा बटणांचा शॉर्टकट चालूच आहे, सेटिंगमध्ये जाऊन तोही काढून देते, नाहीतर परत लागेल. पण चारला दहाच मिनिटं होती, आणि सेक्रेटरी आता काकांकडे बघायला लागले होते. काका म्हणाले, उद्या येतो, उद्या येतो, आणि निघाले.

चारला कॉल आला. काकांनी उचलला, सवयीने फोन तोंडाशी नेला आणि मूठ आवळली. बोलणं छान सुरू झालं. बाळाला दात येतायत, लेकीने पोळ्या जाड केल्या. मग काका टाकीच्या सफाईवर आले, अंगठा दाबला गेला आणि तीन सेकंदांत बाई परतली. या वेळी तिने विचारलंसुद्धा नाही.

फोनमधल्या बाईचा आवाज पलीकडे जात नव्हता. काकूंना ऐकू आलं ते एवढंच की त्यांचे यजमान, या वेळी घरात एकटे असणारे, दबक्या आवाजात म्हणतायत, “अगं बाई, तू परत कशाला आलीस? ती फोनवर आहे. मध्ये बोलू नकोस.”

काकू फार हळू बोलल्या, आणि त्या हळू बोलल्या की काका बसले असतील तिथून उठून उभे राहतात.

“कोण आहे घरात?”

काकांनी सांगायला सुरुवात केली की बाई खरी नाही, ती दोन वाजता आली, ताईंनी तिला घालवलं होतं, तिला दोनदा ठोकावं लागतं. प्रत्येक वाक्याने प्रकरण जास्तच चिघळत गेलं. काकू म्हणाल्या, मी आत्ता मुलाला फोन लावते. म्हणजे ज्यासाठी दुपारभर धावाधाव केली तेच. काकांनी डोळे मिटले, मुद्दाम दोन्ही बटणं दाबली, मनात तीन आकडे मोजले. बाई गेली. मग त्यांनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं आणि सगळा उलगडा झाला. त्यांनी काकूंना सरळ सांगून टाकलं, कानाच्या फोटोपासून बटणांच्या फोनपर्यंत. फोन गेला तर तू दिसणार नाहीस, हेही सांगून टाकलं.

काकू म्हणाल्या, “तो फोन हातातून खाली ठेवा आधी. कशाला तरी टेकवा आणि समोर बसा.”

काकांनी फोन साखरेच्या डब्याला टेकवला आणि खुर्ची ओढून समोर बसले. हात मांडीवर ठेवले. तीन महिने ते फोन तोंडाला लावूनच बोलत होते, त्यामुळे काकूंना रोज दिसायची ती त्यांची हनुवटी आणि वरचं छत. आज पहिल्यांदा सगळे काका दिसले. दाढी चार दिवसांची, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं, गळ्याची हाडं वर आलेली.

“हे काय करून घेतलंत?” काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला. “मला सांगत होतात, इथे काय अडलंय.”

काकांनी बटण तुटलेली कॉलर मुठीत धरली. तिची फार आठवण येत होती, एवढंच होतं, आणि ते त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

“मुलाला म्हणावं, हवा तर घेऊन जा तो फोन,” काकू डोळे पुसत म्हणाल्या. “इथे बाळाला सांभाळायला माणूस मिळेल. मी रविवारच्या गाडीने येते.”

सहाला मुलगा घरी आला आणि बूट काढता काढता त्याने विचारलं, आज फोनचा काही घोळ नाही ना? काकांनी फोन उचलून स्वतःच त्याच्या हातात ठेवला आणि आतल्या खोलीत काकूंच्या उशीचा धुतलेला अभ्रा शोधायला गेले.