तक्ता सात कोणाचा

अमरावतीच्या एका संस्थेत दामिनी पोहरे जुन्या पुस्तकांतले तक्ते संगणकावर चढवायची. आज तिच्यापुढे वलगावच्या नत्थुजी इंगळ्यांच्या पुस्तकातला तक्ता सात होता. नत्थुजींनी निवडलेल्या चाळीस विहिरींची बावीस उन्हाळ्यांतली पाणीपातळी, त्यांनी स्वतः दोर सोडून मोजलेली.

विभागप्रमुख खडसे सरांनी खाली लिहायला सांगितलं, 'संकलन: डॉ. खडसे'. सरांनी विहीर बहुतेक चित्रातच पाहिली असावी.

"सर, हे तर नत्थुजींचं हाय."

"आकड्यांवर कॉपीराइट नसतो, दामिनी."

"आकड्यांवर नसंल. पण कोणत्या विहिरी घ्यायच्या, कशा मांडायच्या, हे त्यांनी ठरवलं. आपण अख्खा तक्ताच उचलून राहिलो. अन् हक्क नसता, तरी नाव त्यांचंच."

"तुमची नोकरी कंत्राटी आहे ना?"

"हो सर. चोरी कराले पक्की नोकरी लागते."

तिनं तिथूनच नत्थुजींना फोन लावला. पुस्तक त्यांनी स्वतःच छापलेलं, हक्कही त्यांचेच.

"घे पोरी, लेखी परवानगी पाठवतो," नत्थुजी म्हणाले. "पण खालची टीप घेतली काय? सत्याऐंशी सालचे आकडे अंदाजाचे हायेत. मी तवा दवाखान्यात होतो."

ती टीप सरांनी गाळायला लावली होती, आणि त्यांचा नवा निबंध सत्याऐंशीच्याच घसरणीवर उभा होता. दामिनीनं नत्थुजींचं म्हणणं सरांना सांगितलं. सर निबंध घेऊन आत गेले.

दामिनीनं टीप परत घातली, खाली लेखक, पुस्तक, साल, पान लिहिलं आणि पत्र येईपर्यंत तक्ता प्रसिद्ध न करता ठेवला.