हॅकसॉच्या पात्यांचा समुद्र

समस्त सुजाण वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, सत्तरच्या दशकात एका मंगळवारी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये अख्ख्या अटलांटिक महासागराचे चुंबकत्व पुसले गेले. जीवितहानी झाली नाही. माझी नोकरी मात्र थोडक्यात वाचली.

तेव्हा मी इथल्या एका नव्या कॉलेजात भूगोल शिकवत होतो, तात्पुरता. विद्यापीठाची समिती येणार होती आणि प्राचार्यांनी मला बजावलं होतं, "नुसतं बोलू नका, काहीतरी करून दाखवा. समितीला पटलं तर कायम, नाहीतर जूनमध्ये तुमच्या जागेची जाहिरात."

मी समुद्र करून दाखवायचं ठरवलं. दोन टेबलं जोडून मधे फट ठेवली. फटीतून दोन लांब कापडं वर येणार, एक डावीकडे सरकणार, एक उजवीकडे. फट म्हणजे अटलांटिकच्या मधली डोंगररांग, जिथून लाव्हा वर येतो; कापड म्हणजे त्याचा होणारा नवा तळ. कापडांवर चार-चार बोटांच्या अंतरानं, फटीला समांतर, हॅकसॉच्या, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीच्या, मोडक्या पात्यांचे तुकडे बसवायचे. काही तुकडे एका दिशेनं चुंबक केलेले, काही उलट, कारण पृथ्वीचं चुंबकत्वही लाखो वर्षांत अधूनमधून उलटतं. कडेनं होकायंत्र फिरवलं की सुई इकडे-तिकडे वळणार आणि दोन्ही बाजूंचा क्रम सारखाच निघणार. आठवडाभर लोहचुंबक घासून घासून माझा खांदा गेला.

पात्यांचे दात मात्र कापड फाडायला लागले. शेजारी चाकणकडचा एक गृहस्थ राहायचा, त्या टूलरूममध्ये ग्राइंडरवर, लोखंड घासायच्या मशीनवर, कामाला. म्हणाला, "द्या हिकडं सर, दात उडवून देतो." समितीच्या दिवशी पहिली शिफ्ट करून तो तेलकट कागदातलं पुडकं घेऊन थेट कॉलेजात आला. पाती आरशासारखी चमकत होती. दोघांनी घाईघाईनं ती कापडावर बसवली. तपासायला वेळच नव्हता, समिती दारात.

समितीत सगळ्यात ज्येष्ठ होते एक भूशास्त्राचे प्राध्यापक. चेहरा असा, की हसू आलंच तर आधी अर्ज मागतील. मी नाटकी आवाजात समुद्राचा तळ उलगडला आणि होकायंत्र फिरवलं.

सुई ढिम्म. उत्तरेकडे तोंड करून बसलेली.

मागून शेजाऱ्यानं हाक दिली, "सर, त्यातलं चुंबक म्या उतरवलंय! आमची मशीन लोखंड चुंबकानंच धरती; तुकड्यात चुंबक ऱ्हायलं तर लोखंडाचा बुरादा चिकटतो, साहेब वरडतो. हातच तसा बसलाय, मशीनवरनं निघालं की उतरवायचंच."

"म्हणजे तुमचा समुद्र कोरा आहे," प्राध्यापक म्हणाले. प्राचार्यांनी डोळे मिटले.

मला मात्र एकदम मजा वाटायला लागली. कारण ते खरंच होतं!

"कोराच असतो, सर! लाव्हा वर येतो तेव्हा इतका तापलेला असतो की त्यात चुंबकत्व टिकतच नाही. थंड होताना पृथ्वीच्या चुंबकाची त्या वेळची दिशा तो धरतो आणि मग सोडत नाही. मी उगाच आधीच लिहून आणला होता. आता तुमच्यासमोर लिहितो."

कापडं पुन्हा टेबलाखाली गुंडाळली. एका कापडाचं टोक शेजाऱ्याच्या हातात, दुसऱ्याचं कॉलेजच्या शिपायाच्या. "ओढा!" फटीतून एक जोडी वर आली. दोन्ही पात्यांवर मी एकाच दिशेनं चुंबक घासलं. "ओढा!" पुढची जोडी, आधीची बाजूला.

"आणि ही दिशा उलटते कधी?" प्राध्यापकांनी विचारलं.

"तिला वेळापत्रक नाही, सर. तुम्हीच सांगा."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. चार जोड्या गेल्यावर हळूच म्हणाले, "उलट." मी दिशा बदलली. एका जोडीनंतर पुन्हा "उलट!" मग पाच जोड्या चिडीचूप.

"लई लहरी हाय तुमची पृथ्वी," शेजारी कापड ओढत म्हणाला.

मग समितीतल्या एका बाईंना, ज्या इतका वेळ लायब्ररी तपासत होत्या, आत बोलावलं. त्यांनी फटीपासून डावीकडे होकायंत्र नेलं आणि मोठ्यानं वाचलं. मग उजवीकडे. तोच क्रम, तेच रुंद-अरुंद पट्टे. "अरे, हे दोन्हीकडे सारखंच!" त्या म्हणाल्या. "म्हणजे मधूनच निघून दोन्हीकडे सरकलंय."

प्राध्यापक काही ऐकत नव्हते. कोट काढून, चुंबक माझ्या हातातून घेऊन ते स्वतः घासत होते. "ओढा! उलट! ओढा!" शेजारी खुशीत ओढत होता. प्राचार्य दबक्या पावलांनी त्यांच्या कानाशी गेले, "सर, चहा निवतोय. आणि यांचं... कायम करण्याचं काय लिहू?"

प्राध्यापक मान वर न करता ओरडले, "अहो, करा त्यांना कायम, पण आधी पाती आणा, माझा समुद्र संपत आला!"