कोरड्या वजनावरची ओल

खुशालराव मूर्तिजापूरकडचे, काळ्या जमिनीतले कास्तकार. मॅट्रिकपर्यंत शिकलेले, म्हणून अकोल्याच्या कापूस विक्री संस्थेचं चिटणीसपद गावोगावच्या शेतकऱ्यांनी त्यांच्या गळ्यात घातलं. माणूस तापट, पण कागद वाचायला बसला की थंडगार.

त्या हंगामात संस्थेच्या रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठी जपानच्या एका कंपनीनं घेतल्या. माल पाहायला कंपनीनं मुंबईहून पाठारेसाहेब नेमले होते. त्यांनी गाठी बांधायच्या प्रेसमध्ये गाठी फोडून नमुने नेले आणि थोड्या दिवसांनी दाखला घेऊन परत आले. दाखल्यात लिहिलं होतं, ‘ओल जास्त, माल नापसंत.’ मागं प्रयोगशाळेचा अहवाल टाचलेला.

“ओल नऊ टक्के,” साहेब म्हणाले. “करारात मर्यादा साडेआठ. भाव कमी करून घ्या आणि इथं सही करा.”

पार्बताबाई संस्थेची सभासद. नवऱ्यामागं शेती तिनंच ओढली होती. ती दारातूनच कडाडली, “आमी का कापसावर पानी मारलं? भाऊ, सई करू नोका!”

“वाचून राहिलो, बाई.”

खुशालरावांनी गाठींचे क्रमांक ताडून पाहिले, बरोबर होते. मग अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांतली ओळ दिसली: टक्केवारी भट्टीत सुकवलेल्या रुईच्या वजनावर काढली आहे. त्यांनी करार उघडला. तिथं मर्यादा होती ओलीसकट भरलेल्या मालाच्या वजनावर. त्यांची कानशिलं तापली.

“साहेब, शंभर मण कोरडी रुई, तिच्यात नऊ मण पाणी. मंग माल किती झाला?”

“एकशे नऊ.”

“एकशे नवात नऊ. शंभराले जेमतेम सव्वाआठ पडते. आमचा माल मर्यादेच्या आत हाय. प्रयोगशाळा चुकली नाई, दाखला चुकला.”

साहेबांनी ओळ वाचली, पुन्हा वाचली. चेहरा उतरला, पण आवाज चढला. “दाखला मी बदलणार नाही. सही नसेल तर गाठी बोटीवर चढणार नाहीत!”

“नोका चढू देऊ. राहू द्या इथंच. मी सई करत नाई. मुंबईले कापूस बाजाराच्या पंचांपुढं जाऊ.”

बाहेर शेतकरी जमले होते. माल अडला तर घरात काय होईल, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. पार्बताबाई पुढं आली. “माह्या गाठी राहू द्या. कोनाले न्यायच्या असन त्यानं आपल्या न्याव्या.” एकानंही आपल्या गाठी मागितल्या नाहीत.

बोट गेली. उन्हाळाभर गाठी प्रेसच्या गोदामात पडून राहिल्या आणि खुशालरावांना घरोघरी बोलणी खावी लागली. पंचांनी मात्र करार आणि अहवाल शेजारी ठेवले आणि दाखला रद्द केला. कंपनीला ठरल्या भावानं माल उचलावा लागला.

पुढच्या हंगामात पाठारेसाहेबच आले. खुशालरावांनी चहा मागवला, करार पुढं सरकवला आणि म्हणाले, “ओल कोणत्या वजनावर, ते अगोदर लिवा. मंग गाठ फोडा.”